‘फोड मागितली होती गो तिने, मी दिली नाही’

ताई, माझी शाळेपासूनची मैत्रीण लग्न होऊन म्हापशाला असते. तिची आई, आमची काकी, गेल्या आठवड्यात साखळीला वारली. दोन वर्षं डायलिसिस चालू होतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी हीच तिला घेऊन जायची. मी मडगावला. मुलगा डेंग्यूने ॲडमिट होता, त्यामुळे मला शेवटचं बघायलाही जाता आलं नाही. फोन केला तर ती एवढंच म्हणाली, ‘मानकुरादाची फोड मागितली होती गो तिने, मी दिली नाही.’ मला शब्द सुचेना. ‘रडू नको’ म्हटलं आणि फोन ठेवला. आता मेसेज लिहायला बसले की हेच येतं: ‘आईच्या निधनाची बातमी ऐकून अतीव दुःख झाले. ईश्वर त्यांच्या आत्म्यास सद्गती देवो व तुला हे दुःख सहन करण्याची शक्ती देवो. काहीही लागलं तर हाक मार.’ लिहिते आणि पुसते. नववीत मी गणितात नापास झाले, घरी जायची भीती वाटत होती. तेव्हा काकीने मला स्वयंपाकघरात बसवून पेज वाढली आणि स्वतः घरापर्यंत सोडायला आली. दारात बाबांना म्हणाली, ‘आज तिला काही बोलू नका.’ हे मी कुणाला सांगितलेलं नाही, हिलाही नाही. काय लिहू?
— एक वाचक, मडगाव

मैत्रिणी,

तुमचा मेसेज तुम्ही लिहून ठेवलाच आहे, फक्त तो मैत्रिणीला पाठवायचा सोडून मला पाठवलात. काकीने वाढलेली पेज तुमच्या पत्रात आहे आणि मेसेजमध्ये नाही. पुन्हापुन्हा पुसावंसं वाटतंय ते त्यामुळेच.

पुसलेल्या मेसेजमध्ये चुकीचं असं काही नाही. ‘अतीव दुःख’, ‘सद्गती’ ही पेपरातल्या श्रद्धांजलीच्या चौकटीतली भाषा आहे. तुमच्या बाबांनी तिच्या बाबांना पत्र लिहिलं असतं तर त्यात ती शोभली असती. पण शाळेपासूनच्या मैत्रिणीने असं लिहिलं की दुसरीला वाटतं, हीसुद्धा आज पाहुण्यांच्या रांगेत उभी आहे. आपल्याकडे हे फार होतं. घरात, बाजारात, भांडताना कोकणी. आणि माणूस गेलं की एकदम सभेतलं मराठी. तुम्ही दोघी ज्या भाषेत भांडलात आणि रुसलात, त्याच भाषेत लिहा. ती कोकणी असेल तर कोकणीत लिहा. ‘हांव आसां गो’ एवढं लिहिलंत तरी चालेल. मी खाली मराठीत लिहून दाखवते, कारण तुमचं पत्र मराठीत आलं आहे.

त्या मसुद्याची दुसरी अडचण अशी की त्यात काकी नाही. तो मेसेज नाव बदलून कुणालाही पाठवता येईल. आई गेल्यावर पहिल्या आठवड्यात मुलीच्या फोनवर असे मेसेज शेकड्याने येतात, आणि त्यांतला एकही तिच्या आईबद्दल नसतो. ‘शक्ती देवो’ हेही जरा थांबून पाहा. दोन वर्षं घर, नोकरी आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस हे सगळं तिने सांभाळलं. एवढी शक्ती खर्चून बसलेल्या बाईला आणखी शक्ती मिळो म्हटलं की तिला ऐकू येतं, ‘आता तू खंबीर राहा.’ तिला आत्ता खंबीर राहायचं नसेल.

आता त्या फोडीकडे येते. तिने तुमच्याशी एकच वाक्य बोललं आणि ते हे होतं. सांत्वनाचा मेसेज या वाक्याला टाळून गेला तर बाकी कितीही सुंदर लिहा, तिच्यापर्यंत पोचणार नाही.

ती फोड तिने का दिली नाही, हे आधी आपल्याला नीट कळायला हवं. मूत्रपिंड काम करेनाशी झाली की रक्तातलं जादा पोटॅशियम लघवीवाटे बाहेर जात नाही. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत ते साठत राहतं. फार वाढलं तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते, आणि कधीकधी आधी काही जाणवतही नाही. म्हणून आहारतज्ज्ञ अशा रुग्णाला यादी लावून देतात: शहाळ्याचं पाणी नको, केळं नको, पिकलेला आंबा नको किंवा अगदी मोजून. पाणीसुद्धा पेल्याने मोजायचं, कारण प्यायलेलं पाणीही बाहेर पडत नाही. गोव्यात मे महिन्यात, घराघरांत मानकुरादाचा घमघमाट सुटलेला असताना, आईच्या तोंडापुढून तो आंबा बाजूला करायचा, हे काम मुलीच्या वाट्याला येतं. भेटायला येणारे पाहुणे कौतुकाने आंबे घेऊन येतात आणि नाही म्हणणारी कठोर ठरते ती ही.

तिचं वाक्य ऐकून लोक तीन गोष्टी बोलतात, आणि तिन्ही लागतात. पहिली: ‘अगो, एका फोडीने काय झालं असतं!’ बोलणाऱ्याला वाटतं आपण धीर दिला. तिला त्यातून एवढंच कळतं की आपण उगाच नाही म्हटलं, म्हणजे तिची टोचणी आणखी खरी झाली. दुसरी: ‘दिली असतीस तर तेव्हाच गेली असती.’ हे कुणालाच ठाऊक नाही. किती चाललं असतं हे त्या दिवशीच्या रक्ताच्या रिपोर्टवर अवलंबून असतं. न पटणारी गोष्ट ठासून सांगितली की माणूस मान डोलावतो आणि बोलणं बंद करतो. तिसरी, सगळ्यात जास्त वापरली जाणारी: ‘स्वतःला दोष देऊ नकोस.’ ही आज्ञा आहे. तिला दोष वाटतोय हे ती सांगते आहे, आणि आपण सांगतो की वाटून घेऊ नकोस. मग ती ते वाक्य पुढे कुणालाच बोलून दाखवत नाही.

मग काय लिहायचं? जे खरं आहे आणि जे तुम्ही बघितलं आहे तेवढंच. दोन वर्षं ‘नाही’ म्हणायचं काम हिच्याकडे होतं. आईने अजून जगावं म्हणून ती नाही म्हणत होती. फोड न दिल्याचं दुःख राहणार, ते तुम्ही पुसू शकत नाही आणि पुसायला जाऊही नका. पण ते ‘नाही’ कुठून आलं होतं, हे दुसऱ्या कुणीतरी ओळखलं आहे एवढं तिला कळू द्या. काकीच्या वतीने मात्र बोलू नका. ‘ती रागावली नसेल’, ‘ती वरून तुला बघते आहे’, ‘तिला सगळं कळत होतं’ ही वाक्यं म्हणायचा अधिकार मुलीचा. ती स्वतः म्हणाली तर ‘हो’ म्हणा.

‘सुटली बिचारी’ हेही असंच एक वाक्य. इतक्या लांबच्या आजारपणानंतर आई गेली की मुलीच्या मनात कुठेतरी सुटल्यासारखं वाटतंच. कारण उद्याच्या पहाटेची धावपळ नाही, सुया नाहीत, रिपोर्टची वाट नाही. लगेच त्याची लाजही वाटते. बाहेरच्याने ‘सुटली’ म्हटलं की ती लाज वाढते. तिने स्वतःहून म्हटलं की ‘मला सुटल्यासारखं वाटतंय, मी वाईट आहे का,’ तर तेव्हा सांगा की दीर्घ आजारात शुश्रूषा केलेल्या पुष्कळ जणांना असं वाटतं आणि त्याचा प्रेमाच्या कमी-जास्तपणाशी काही संबंध नाही. तोवर तुमच्या मेसेजमध्ये हा शब्द नको.

आता तुमची नववीतली आठवण. मेसेजचा गाभा हीच आहे, आणि ती का हेही सांगते. आजारी आईची दोन वर्षं डोळ्यांपुढे राहिली की मुलीला त्याआधीची आई आठवेनाशी होते. डोळे मिटले की खाट दिसते, डायलिसिससाठी हाताला केलेला फिस्टुला दिसतो, सुजलेले पाय दिसतात. तिची स्वतःची सगळी आठवण सध्या या दोन वर्षांखाली दबली आहे. अशा वेळी कुणीतरी तिच्या आईबद्दल तिला माहीत नसलेली गोष्ट सांगतं, जिच्यात आई धडधाकट आहे, चालत दुसऱ्याच्या दारापर्यंत गेली आहे आणि एका बापाला दोन शब्द सुनावून आली आहे. आई गेल्यानंतर मुलीला तिच्याबद्दल नवीन काही मिळायचे मार्ग फार थोडे उरतात. तुमच्याकडे तो एक आहे. ‘काकी खूप प्रेमळ होती’ असं लिहून तो वाया घालवू नका. जे घडलं ते घडलं तसं लिहा. तिने पेज वाढली, ती तुमच्याबरोबर चालत आली, दारात काय म्हणाली. मग प्रेमळ म्हणायची गरज पडत नाही.

शेवटचं म्हणजे ‘काहीही लागलं तर हाक मार’. मनापासून लिहिता, मला ठाऊक आहे. पण त्यात काय लागतं ते ठरवायचं काम तिचं, हाक मारायचं कामही तिचं. दमलेलं माणूस हाक मारत नाही. त्याऐवजी तुम्ही काय करणार आणि कधी, ते सांगा. आणि नको म्हणणं तिला सोपं करून द्या.

हे सगळं धरून मेसेज असा होईल. तुमच्या बोलीत बसेल तसा बदला.

‘बाय,
त्या दिवशी फोनवर मला काही बोलता आलं नाही. काकीला शेवटचं बघायला येता आलं नाही, ते मनाला लागून राहिलंय.
तू फोडीचं सांगितलंस. दोन वर्षं तिचा पाण्याचा पेला मोजणारी तूच होतीस आणि नाही म्हणायचं कामही तुझ्याच वाट्याला आलं. ती अजून राहावी म्हणून तू नाही म्हणत होतीस. मी ते बघितलं आहे.
तुला एक सांगायचं राहिलं होतं. नववीत मी गणितात नापास झाले, तेव्हा घरी जायची हिंमत नव्हती म्हणून तुमच्याकडे आले. काकीने मला स्वयंपाकघरात बसवून पेज वाढली. मग माझ्याबरोबर चालत आमच्या दारापर्यंत आली आणि बाबांना म्हणाली, “आज तिला काही बोलू नका.” इतकी वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. तुला माहीत असायला हवं.
शुक्रवारी दुपारी मी म्हापशाला येते. जेवण मी आणते, तू काही करू नको. बोलावंसं वाटलं तर बोलू, नाहीतर नुसत्या बसू. त्या दिवशी नको असेल तर “नको” एवढंच लिही, मी पुढच्या शुक्रवारी येईन.
या मेसेजला उत्तर द्यायची गरज नाही.’

पहिल्या ओळींत तुम्ही न आल्याचं एकदाच आहे. मुलाचं आजारपण, हॉस्पिटल, प्लेटलेट किती उतरले, यातलं काही त्यात नाही. ते सगळं खरं असलं तरी ते वाचून तिला तुमचीच काळजी करावी लागेल. भेटल्यावर तिने विचारलं तर सांगा. ‘मी ते बघितलं आहे’ हे वाक्य तुम्ही खरोखर बघितलं असेल तरच ठेवा. कधी त्यांच्या घरी असताना तिला पेला मोजताना पाहिलं असेल, फोनवर पथ्याचं ऐकलं असेल, तर ठेवा. नाहीतर ‘तू किती करत होतीस ते मला ठाऊक आहे’ असं करा. आठवणीतही तुम्ही मला सांगितलं तेवढंच मी घेतलं आहे. त्या संध्याकाळी बाबा खरंच गप्प बसले का, तिथून पुढे काय झालं, हे तुम्हाला आठवत असेल तर एक ओळ घाला. आठवत नसेल तर गोड शेवट जोडू नका. साखळीच्या त्या घरात कोण कसं वागायचं हे ती तुमच्यापेक्षा चांगलं ओळखते. खोटी ओळ तिला लगेच कळेल, आणि मग बाकीच्या ओळींवरचाही विश्वास जाईल.

मेसेज तिच्या एकटीच्या नंबरवर जाऊ दे. शाळेच्या ग्रुपवर नको, आणि सोबत समईचं चित्रही नको. काकीचा फोटो तिला न विचारता स्टेटसला लावू नका. कितीतरी मुलींना आपल्या आईचा फोटो असा अचानक दुसऱ्याच्या स्टेटसवर दिसला की धस्स होतं. आणि शुक्रवारी जाताना ती पेजेची गोष्ट कागदावर हाताने लिहून सोबत न्या. फोन बदलतात, चॅट पुसले जातात. कागद ती ठेवू शकेल.

आठवडा उलटून गेला म्हणून उशीर झाला असं समजू नका. उलट तुमच्या मैत्रिणीच्या बाबतीत हीच वेळ बरोबर आहे, आणि याचं कारण आपल्या रीतीत आहे. रूढीप्रमाणे मुलाला आईचं सुतक दहा दिवस, पण लग्न झालेल्या मुलीला तीनच. बऱ्याच घरांत अजून तसंच पाळतात. भेटायला येणारी माणसं साखळीच्या घरी येतात. तिथे भाऊ असतो, बाबा असतात, ओसरीवर खुर्च्या मांडलेल्या असतात. मुलगी चौथ्या दिवशी आपल्या घरी येते, डबे भरते, कामावर रुजू होते. म्हापशाच्या त्या घरात दारात चपला वाढत नाहीत, कारण माणूस त्या घरातलं गेलेलं नसतं. बाराव्या-तेराव्याला ती पुन्हा माहेरी जाते तेव्हा पंगत आणि भटजींचं बघण्यात दिवस जातो. दोन वर्षं सगळं हिने केलं आणि ‘कसं झालं हो’ हा प्रश्न मात्र भावाला विचारला जातो. भावाचं दुःख कमी नाही, पण तुमचं जाणं साखळीला नको, म्हापशाला हवं. तिच्या स्वतःच्या घरात, तिच्यासाठी म्हणून कुणीतरी आलं पाहिजे. आपल्याकडे भेटायला गेलेलं माणूस निघताना ‘येते’ म्हणत नाही, नुसतं उठतं. ती रीत पाळा, पण पुन्हा जायचं राहू देऊ नका.

मी शुक्रवार मुद्दाम धरला. डायलिसिस साधारण चार तास चालतं. त्याआधी म्हापशाहून साखळीला जायचं, आईला तयार करायचं, गाडीत बसवायचं, नंतर गळून गेलेल्या आईला परत घरी आणायचं. म्हणजे आठवड्यातले दोन दिवस पूर्ण त्यातच. दोन वर्षं तिचा आठवडा मंगळवार आणि शुक्रवार या दोन खुंट्यांवर टांगलेला होता. आता त्या दिवशी पहाटे जाग येते आणि जायचं कुठेच नसतं. रजा कशासाठी मागायची, फ्रिजमधल्या औषधांचं काय करायचं, नर्सचा नंबर ठेवायचा की काढायचा, असल्या गोष्टी तिला त्याच दोन दिवशी गाठणार. म्हणून पुढचे काही आठवडे तुम्ही मंगळवारी सकाळी एक ओळ पाठवा. ‘कशी आहेस?’ असं नको, कारण त्याला उत्तर द्यावं लागतं आणि खरं उत्तर टाइप करण्याएवढं लहान नसतं. ‘आज मंगळवार. तुझी आठवण आली,’ एवढं पुरे. कधी ‘आज पेज केली, काकी आठवली.’ निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर आलं नाही तरी पुढच्या मंगळवारी पाठवायचं. ज्यांना अशा ओळी आल्या त्यांतल्या कितीतरी जणींनी मला सांगितलं आहे की उत्तर दिलं नाही, पण त्या दिवशी वाट पाहत होते.

ती एक दिवस हसत भेटेल आणि दुसऱ्या दिवशी बाजारात आंब्याची पाटी बघून तिथेच रडेल. दोन्ही खरं असतं. उत्रेख्त विद्यापीठातल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या संशोधकांनी 1999 साली हेच मांडलं की शोक करणारं माणूस गेलेल्याच्या दुःखात आणि पुढच्या रोजच्या कामांत असं ये-जा करत राहतं, आणि ही ये-जाच त्याला तारून नेते. शोकाच्या पाच पायऱ्यांचे फॉरवर्ड मात्र तिला पाठवू नका. त्या पायऱ्या एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 साली मांडल्या, त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या मुलीने त्या क्रमाने चढायच्या असा त्याचा अर्थ नाही. तेव्हा ती हसली तर ‘बरी सावरलीस’ म्हणू नका आणि रडली तर ‘अजून?’ म्हणू नका. फोडीचं ती पुन्हा सांगेल, कदाचित पुष्कळदा. प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐका. तुम्ही नवीन काही सांगितलं पाहिजे असं मुळीच नाही. ‘हो गो, तिला आवडायचा मानकुराद’ एवढं म्हटलंत तरी त्या फोडीशेजारी आवडीने आंबा खाणारी काकी येऊन बसते.

एका बाबतीत मात्र मैत्री पुरत नाही. कित्येक आठवडे झोप नाही, जेवण सुटलं, अंघोळ-कामही होत नाही, किंवा ‘मलाही तिच्याबरोबर जायला हवं होतं’ असं ती बोलू लागली, तर ते दुःखाच्या भरात म्हणून सोडून देऊ नका. तिला सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. तिला एकटी ठेवू नका, घरच्या एखाद्या विश्वासाच्या माणसाला कळवा आणि डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या टेलिमानस या मोफत मदतवाहिनीचा नंबर 14416, तो रात्रीदिवस चालू असतो.

पुढचे दोन प्रसंग आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. एक, वारशाचे कागद. गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे मुलगा आणि मुलगी सारखेच वारस. त्यामुळे वारस कोण ते नोंदवणारी सक्सेशन डीड करायची वेळ आली की नोटरीच्या कचेरीत तिचंही काम पडू शकतं. तिथे आई ‘मयत’ म्हणून वाचून दाखवली जाते, नाव, वय, तारीख सगळं. घरच्यांसाठी तो कागदपत्रांचा दिवस, तिच्यासाठी तो नाही. हिश्श्याबद्दल तुम्ही एक शब्द बोलू नका, सल्लाही देऊ नका. ‘त्या दिवशी मी पणजीला येऊ का, नंतर कुठे तरी चहा घेऊ’ असं विचारा. कचेरी दुसऱ्या गावी असेल तर त्या गावी.

दुसरा प्रसंग म्हणजे चवथ. आईवाचून पहिली चवथ. काही घरांत त्या वर्षी सगळं साधेपणाने करतात, काही घरांत नेहमीसारखंच. कुटुंबागणिक रीत वेगळी. नेवऱ्या कोण करणार, माटोळीचं सामान आणायला बाजारात कोण जाणार, काकी करायची ते आता कुणी करायचं, यावरून घरात शब्दाला शब्दही होतात. म्हणून चवथीच्या आठ-दहा दिवस आधी तिला विचारा, की यंदा काय ठरलंय आणि तुला काय हवंय. शुभेच्छांचं चित्र पाठवायच्या आधी हे विचारा. नेवऱ्या करायला तुम्ही एक दुपार तिच्याकडे जाऊ शकता. तिला त्या वर्षी नेवऱ्या नकोशा वाटल्या तर तेही ठीक. ती नको म्हणाली तर जाऊ नका, आणि चवथ झाल्यावरच्या मंगळवारी पुन्हा मेसेज करा.